बदलीच्या तारखेवर आलेली रजा

लेखा विभागातल्या एका मुलीची त्याच कंपनीच्या खरेदी विभागात बदली झाली आहे, १ डिसेंबरपासून. मावसभावाच्या लग्नासाठी तिला २७ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर रजा हवी आहे. जुन्या साहेबांनी अर्ज लगेच मंजूर केला. सगळं झालं असं वाटून ती निश्चिंत झाली, आणि इथेच गोची होते.

जुन्या साहेबांना १ तारखेनंतरच्या दिवसांची झळ बसत नाही. त्यांचा प्रश्न एवढाच, की महिनाअखेरचे हिशेब कोण बंद करणार? डिसेंबरचे चार दिवस मात्र खरेदीच्या मॅडमच्या वाट्याचे. नवा माणूस १ तारखेला येणार हे धरून त्यांनी कामं वाटलेली असतात. त्यांना विचारलंच नसेल, तर पहिल्याच दिवशी रिकामी खुर्ची दिसते आणि मनात अढी बसते. ती टाळता येण्यासारखी असते, म्हणून मला तिचं जास्त वाईट वाटतं.

अर्ज मंजूर होण्याआधीच बदली लागू झाली, तर आणखी एक अडचण येते. काही कंपन्यांच्या सिस्टिममध्ये तो आपोआप नव्या साहेबांकडे जातो, काहींमध्ये जुन्यांकडेच पडून राहतो. जुने म्हणतात, ‘आता ती माझ्याकडे नाही’. नव्यांना तो दिसतच नाही. अर्ज उघडून तो सध्या कोणाच्या नावावर प्रलंबित आहे, तेवढं पाहिलं की कळतं.

यावर साधा उपाय म्हणजे दोन अर्ज: २७ ते ३० नोव्हेंबर जुन्यांकडे, १ ते ४ डिसेंबर नव्यांकडे. सिस्टिम पुढची तारीख जुन्याच साहेबांकडे पाठवत असेल, तर एचआरला सांगून दुसरा अर्ज वळवून घ्यावा. त्याआधी दोघांना मिळून एकच मेल करावा, एचआरला प्रत घालून. त्यात तारखा, हिशेबाचं कोणतं काम कोणाकडे सोपवलं आणि खरेदीत प्रत्यक्ष रुजू होण्याचा दिवस, म्हणजे ५ डिसेंबर, एवढं पुरतं. ‘साहेबांनी हो म्हटलंय’ हे वाक्य मॅडमना लिहू नये. त्यांची परवानगी वेगळी मागावी. त्यांनी ‘१ तारखेला ये, मग जा’ म्हटलं, तर बोलायला अजून वेळ असतो. म्हणून बदलीचं पत्र हातात पडताच हे करावं, तिकिटं काढायच्या आधी.

कंपनी तीच असल्याने शिल्लक रजा बदलीमुळे सहसा बुडत नाही. धोका पगारपत्रकाचा. हजेरी महिना संपण्याआधीच गोळा होत असेल आणि तोवर दुसरा अर्ज मंजूर नसेल, तर ते चार दिवस बिनपगारी धरले जाऊ शकतात. डिसेंबरची पगाराची चिठ्ठी आली की कपात तपासावी. दिवस कापले गेले असतील, तर दोघांच्या होकाराचा मेल जोडून पुढच्या पगारात फरक मागावा.