कॅमेऱ्याच्या भाड्याची नोंदवही

लग्नसराईत पुण्यामुंबईच्या छायाचित्रकाराकडे स्वतःची एक बॉडी बहुधा असतेच. परंतु 70-200 मिलिमीटरची ती किलो-दीड किलो वजनाची लेन्स, जिच्यावाचून मंडपाच्या मागल्या टोकाकडून वधूच्या चेहऱ्यावरचे भाव टिपता येत नाहीत, ती लाख-दोन लाख रुपये मोजून विकत घेणे ज्याला परवडत नाही तो ती दोन-चार दिवसांपुरती भाड्याने आणतो. भाड्याने देणाऱ्या दुकानाला मात्र या लेन्सकडे दोन निराळ्या दृष्टींनी पाहावे लागते. बुकिंग घेताना ती त्या जातीची कोणतीही एक असते. ताबा देताना ती विशिष्ट अनुक्रमांकाची तीच एक असते. या दोन दृष्टींची गल्लत झाली की भाडेही बुडते आणि नुकसानीचा तंटाही सुटत नाही. तारखांचे कॅलेंडर, अनामत रक्कम आणि मोडतोडीची कलमे या तिन्ही गोष्टी मला या एकाच भेदावर उभ्या असलेल्या दिसतात.

प्रथम कॅलेंडर पाहू. समजा, दुकानात या जातीच्या दोन लेन्स आहेत. एका गिऱ्हाइकाने सोमवार-मंगळवारची मागणी नोंदवली आणि कारकुनाने त्याच्या नावापुढे पहिल्या लेन्सचा अनुक्रमांक लिहून टाकला. दुसऱ्याने गुरुवार-शुक्रवारची मागणी केली, तेव्हा दोन्ही लेन्स सारख्याच वापरल्या जाव्यात या सद्हेतूने त्याला दुसरी लेन्स नेमून दिली. आता तिसरा गृहस्थ येतो आणि सोमवार ते शुक्रवार सलग पाच दिवस लेन्स मागतो. प्रत्येक दिवशी एक तरी लेन्स कपाटात रिकामी आहे, आणि तरीही पाचही दिवस रिकामी अशी एकही नाही. सबब त्याला नकार मिळतो आणि आठवड्यातले सर्वांत मोठे भाडे दाराशी येऊन परत जाते. वास्तविक पहिली दोन्ही बुकिंगे एकाच लेन्सवर सुखाने बसली असती, मधला बुधवार तिच्या तपासणीला उरला असता, आणि दुसरी लेन्स आठवडाभर मोकळी राहिली असती. म्हणून जाणते दुकानदार बुकिंग घेताना गिऱ्हाइकाला लेन्सच्या जातीचेच वचन देतात आणि अनुक्रमांक ताबा देण्याच्या दिवशी सकाळी ठरवतात. तोवर कॅलेंडरने एवढेच मोजायचे असते की, कोणत्याही दिवशी एकूण मागण्या शिलकी लेन्सांच्या संख्येहून अधिक होत नाहीत ना. तेवढे सांभाळले की अनुक्रमांकांची वाटणी नेहमीच जुळवता येते.

दोन मुदती एकमेकींवर येतात केव्हा, याची कसोटी सोपी आहे: नव्या मुदतीचा आरंभ जुनीच्या अखेरीपूर्वी असेल, आणि नवीची अखेर जुनीच्या आरंभानंतर असेल, तर त्या भिडतात. चूक होते ती या हिशेबात नव्हे. अखेर कोणती धरावी, यात होते. गिऱ्हाईक वस्तू परत आणते त्या घटकेला भाडे संपते, पण ती त्या घटकेला पुढच्याला देण्याजोगी नसते. तिची तपासणी, सफाई, बॅटऱ्यांचे चार्जिंग यांना लागणारा अवधी कॅलेंडरमध्ये भाड्याच्या मुदतीलाच जोडलेला असला पाहिजे. तो न जोडणारी दुकाने पहिले गिऱ्हाईक रात्री उशिरा परतले की दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मुहूर्ताला निघालेल्या माणसाच्या हाती न पाहिलेली वस्तू ठेवतात, आणि मग ओरखडा कोणाच्या हातून पडला हे ठरवण्याचा मार्गच उरत नाही.

येथून अनुक्रमांकाचे राज्य सुरू होते. ताबा देताना लेन्सच्या मागच्या बाजूने विजेरी तिरकी धरून काचेतून पाहावे लागते. बुरशी असेल तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत ती आठवड्या-आठवड्यांनी वाढते; म्हणून दोन दिवस वस्तू वापरलेल्या माणसाकडून तिची भरपाई मागणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पडलेल्या लेन्सची खूण निराळी. बाहेरून ती धडधाकट दिसते, पण भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवून त्याचे छायाचित्र घेतले की तीन कोपरे स्पष्ट आणि एक धूसर येतो. आतल्या काचा मध्यरेषेवरून सरकल्या असा त्याचा अर्थ. समुद्रकिनारी नेलेल्या लेन्सचे झूमचे कडे फिरवताना वाळूची करकर हाताला आणि कानाला दोन्हीकडे कळते.

बॉडीच्या बाबतीत सेन्सरची परीक्षा महत्त्वाची. पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र लेन्सचे छिद्र एफ 16 इतके बारीक करून घेतले की सेन्सरवरची धूळ काळसर ठिपक्यांच्या रूपाने दिसते. छिद्र मोठे केले की हे ठिपके पसरून विरतात, आणि सफाईनंतर ते नाहीसे होतात. संगीताच्या कार्यक्रमात फिरणाऱ्या लेसर किरणाने सेन्सर जळला असेल, तर मात्र रंगीत रेषा किंवा तेजस्वी बिंदू प्रत्येक छायाचित्रात त्याच जागी, छिद्र कितीही असो, जसाच्या तसा राहतो. धूळ हा वापराचा स्वाभाविक परिणाम असून तिचा खर्च दुकानाने सोसावा. लेसरचा डाग म्हणजे सेन्सर बदलण्याचा खर्च, आणि लेसरच्या प्रकाशझोतासमोर कॅमेरा धरण्यास मनाई असल्याचे करारनाम्यात स्वतंत्र वाक्याने लिहिलेले असावे.

हे लिहून ठेवण्याला कायद्याचेही कारण आहे. 1872 च्या भारतीय संविदा अधिनियमाप्रमाणे, भाड्याने घेतलेल्या वस्तूची सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणाऱ्यावर, विशेष करार नसेल तर, नुकसानीची जबाबदारी येत नाही. दुकानाची मोडतोडीची कलमे म्हणजे तो विशेष करार होय. तोच अधिनियम दुकानालाही बांधतो: भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे झालेल्या हानीला, तो दोष ठाऊक नसला तरी, देणारा जबाबदार असतो. करारात भरपाईची रक्कम आधीच लिहिलेली असली, तरी कलम 74 प्रमाणे न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देववते.

म्हणून ओरखड्यापायी सगळी अनामत जप्त करण्याची धमकी देणारा नियम मला टिकाऊ वाटत नाही. समजा, अनामत 20,000 रुपये घेतली आणि लेन्सच्या फिल्टरच्या कड्याला पोचा आल्याने दुरुस्तीचे बिल 6,500 रुपये झाले, तर बिलाची प्रत जोडून 13,500 रुपये परत करणे हाच सरळ व्यवहार. लेन्स दुरुस्तीला गेल्याने बुडालेल्या भाड्याचीही आकारणी करायची असेल, तर किती दिवसांपर्यंत करणार हे करारनाम्यात आधीच लिहावे. आणि अनामत लेन्सच्या पूर्ण किमतीएवढी मागितली, तर ज्याच्याजवळ लेन्स घ्यायला पैसे नाहीत तेच गिऱ्हाईक परत फिरते. त्यामुळे चोरीची धास्ती ओळखपत्र, घरचा पत्ता आणि जुन्या गिऱ्हाइकाची शिफारस यांच्या पडताळणीवर टाकावी आणि अनामत दुरुस्तीच्या खर्चापुरती ठेवावी.

भाड्याने घेणाऱ्या वाचकाला एवढीच विनंती, की काउंटरवरच विजेरी मागा, पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र काढून पाहा, अनुक्रमांकाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये घ्या, पावतीवरच्या आकड्याशी त्याची रुजवात घाला, आणि मगच सही करा.