‘उत्तम दर्जाचे’ म्हणजे किती मिलिमीटर?

“शाळांसाठी २०० डेस्क-बेंच पुरवणे. बेंच मजबूत व उत्तम दर्जाचे असावेत. लोखंडी पाइप योग्य जाडीचा, प्लायवूड नामांकित कंपनीचे व रंगकाम टिकाऊ असावे. माल लवकरात लवकर पोहोच करावा.”

अशा वळणाचा तांत्रिक तपशील निविदेत वाचला तर वरवर कुणालाच काही खटकत नाही. बेंच मजबूत असावेत, यावर खरेदीदार आणि पुरवठादार यांचे एकमतच असते. भांडण सुरू होते ते माल उतरल्यावर. तपासणी समिती म्हणते, हा पाइप पातळ आहे. पुरवठादार म्हणतो, बेंचसाठी हीच जाडी योग्य असते. कागद उघडून पाहावा तर त्यात दोघांच्याही बाजूने तेवढेच लिहिलेले असते.

म्हणून निविदा प्रसिद्ध होण्याआधी तपशील तपासणारा जाणकार माणूस प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो. या ओळीवरून माल पास की नापास हे ठरवता येईल का, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी वेगवेगळे मोजले तरी उत्तर एकच येईल का? ‘योग्य’, ‘पुरेसा’, ‘टिकाऊ’, ‘नामांकित’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘इत्यादी’ हे शब्द या प्रश्नापुढे टिकत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम १४४ हेच सांगतो. खरेदी करायच्या वस्तूचे वर्णन शक्य तितके वस्तुनिष्ठ आणि मोजता येईल असे असावे, आणि त्यात विशिष्ट ब्रँडचा आग्रह नसावा.

पाइपचेच उदाहरण घेऊ. २५ × २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची जाडी १.२ मिलिमीटर असेल, तर एक मीटर पाइपचे वजन जवळपास ९०० ग्रॅम भरते. जाडी १ मिलिमीटरवर आली की ते साधारण ७५० ग्रॅम होते. एका बेंचला दहा मीटर पाइप लागतो असे धरले, तर बेंचमागे दीड किलोच्या आसपास आणि २०० बेंचमागे तीनशे किलोच्या आसपास लोखंड कमी लागते. रंग चढवलेला बेंच समोर ठेवला तर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. दरात मात्र तो लगेच उतरतो. निविदा सर्वांत कमी दराला मिळणार असेल, तर ‘योग्य जाडी’चा अर्थ १.२ लावणारा प्रामाणिक पुरवठादार १ लावणाऱ्यापुढे दर उघडताच मागे पडतो. म्हणजे मोघम शब्दाचा पहिला फटका बसतो तो नीट माल देऊ पाहणाऱ्याला.

मग ‘१८ गेज’ लिहिले तर? बाजारात हा शब्द रुळलेला आहे, पण गेजची कोष्टके एकाहून अधिक आहेत आणि १८ नंबरची जाडी सगळ्यांत सारखी नाही. त्यापेक्षा सरळ लिहावे: ‘पाइपची जाडी किमान १.२ मिलिमीटर, मोजणी पाइपच्या उघड्या टोकाला, रंग खरवडून, किमान तीन ठिकाणी.’ यातला ‘किमान’ हा शब्दही विचारपूर्वक घातलेला आहे. नुसते ‘१.२ मिलिमीटर’ लिहिले तर १.१७ भरलेला पाइप चालणार की नाही, यावर नवा वाद उभा राहतो. कारखान्यातून येणाऱ्या पाइपच्या जाडीत थोडा फरक असतोच. तो किती चालेल, हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचे असते.

शब्दाचा नेहमीचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो, या भरवशावर राहिल्याने काय होते, याचा एक प्रसिद्ध खटला अमेरिकेत झाला. १९५७ मध्ये एका स्विस कंपनीने न्यूयॉर्कच्या कंपनीकडून गोठवलेली कोंबडी मागवली. करारात दर्जा होता, वजन होते, पण वय नव्हते. खरेदीदाराला भाजण्या-तळण्याजोगी कोवळी कोंबडी हवी होती. जास्त वजनाच्या मागणीपोटी आली ती जून, शिजवायला वेळ घेणारी कोंबडी. दोन्ही बाजूंनी व्यापारातल्या वापराचे पुरावे दिले. आपल्याला अभिप्रेत असलेला मर्यादित अर्थच करारात होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी खरेदीदारावर होती. ते त्याला जमले नाही, आणि १९६० मध्ये न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांनी त्याचा दावा फेटाळला. वयाबद्दलचे एक वाक्य करारात असते, तर एवढा खटाटोप करावा लागला नसता.

प्लायवूडच्या ओळीत वेगळीच गंमत होते. ‘नामांकित कंपनी’ खोडून ‘आयएस ३०३ प्रमाणे’ लिहिले की काम झाले, असे वाटते. पण या मानकात एमआर आणि बीडब्ल्यूआर अशा दोन प्रती राहिल्या आहेत. पहिली दमट हवेला टिकते, दुसरी उकळत्या पाण्याच्या चाचणीला उतरते. नुसता मानकाचा क्रमांक दिला, तर पुरवठादार स्वस्त प्रत देणार आणि ती नियमात बसणार. म्हणून मानकाचा क्रमांक, त्याच्या आवृत्तीचे साल, प्रत आणि जाडी अशा चारही गोष्टी एकत्र लिहाव्या लागतात. ‘किंवा समतुल्य’ असे जोडायचे असेल, तर कोणत्या गुणांत समतुल्य आणि ते कोणत्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरणार, हेही लिहावे लागते.

मुदतीचे शब्द तर सर्वांत फसवे. ‘लवकरात लवकर’ काढून ‘३० दिवसांत’ केले, तरी कोणत्या दिवसापासून? पुरवठा आदेशाच्या तारखेपासून, की तो हातात पडल्यापासून? माल जिल्ह्याच्या गोदामात उतरला की पुरवठा झाला, की चाळीस गावांतल्या चाळीस शाळांत बेंच जोडून दिल्यावर? उशिराचा दंड आणि हमीचा कालावधी दोन्ही याच उत्तरावर मोजले जातात. शिवाय गावोगावचे भाडे आणि हमाली कोणाची, हेही त्यातच ठरते.

काही गोष्टी आकड्यांत बसत नाहीत. वेल्डिंगची सफाई किंवा कडांची गोलाई यांचे वर्णन कितीही केले, तरी ते मोघमच राहते. तिथे नमुना कामी येतो. १९३० च्या माल विक्री कायद्यातले कलम १७ नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीला स्वतंत्र स्थान देते. त्यानुसार सगळा माल नमुन्याशी जुळला पाहिजे आणि तो पडताळून पाहण्याची वाजवी संधी खरेदीदाराला मिळाली पाहिजे. म्हणून मंजूर केलेला बेंच दोघांच्या सहीने सीलबंद करून ठेवतात, आणि नमुना व लेखी तपशील यांत फरक निघाला तर काय ग्राह्य धरायचे, हे निविदेतच लिहितात.

हे सगळे दर उघडण्याआधी व्हावे लागते. निविदापूर्व बैठकीत पुरवठादार जे प्रश्न विचारतात, ती तपासणाऱ्यासाठी आयती यादीच असते. एकाच ओळीवर दोघांनी शंका काढली, तर ती ओळ बदलायलाच हवी. बदल तोंडी सांगून भागत नाही. तो शुद्धिपत्रकाने सर्वांना कळवावा लागतो आणि गरज पडल्यास मुदत वाढवावी लागते. दर उघडल्यानंतर ‘योग्य जाडी’चा अर्थ १.२ मिलिमीटर असा सांगितला, तर ज्याने १ धरून दर भरला तो हरकत घेणार, आणि ज्याचा दर १.२ मुळे जास्त आला तोही घेणार.

तपासणीसाठी बेंच कापून पाहायचा असेल, तर दर शंभरातला कोणता बेंच उचलायचा, तो कोण निवडणार आणि कापलेल्या बेंचचा खर्च कोणाच्या माथी, या तीन ओळीही त्याच कागदावर याव्या लागतात. बहुतेक तपशिलांत नेमक्या याच ओळी राहून जातात.