लॅपटॉप: लॅमिंग्टन रोडपासून ओटीपीपर्यंत

२०१३ साली मुंबईकराला लॅपटॉप घ्यायचा झाला तर तो लॅमिंग्टन रोड गाठायचा, पुणेकर तपकीर गल्लीत शिरायचा. चार दुकानांत भाव विचारायचे, ते कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून घ्यायचे आणि शेवटी बॅग आणि माऊस फुकट पदरात पाडून घ्यायचा. फ्लिपकार्ट २००७ पासून होते, अॅमेझॉनही २०१३ च्या जूनमध्ये भारतात आले. पण पन्नास हजारांची वस्तू न पाहता मागवायची हिंमत थोड्यांनाच होती.

ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ झाला. साइट कोलमडली, संस्थापकांना माफी मागावी लागली, पण स्क्रीनवरचे भाव लोकांच्या डोक्यात बसले. त्या भावात आम्हालाच माल मिळत नाही, असे डीलर सांगत, आणि त्यात खोटे फारसे नव्हते. मार्च २०१६ मध्ये सरकारने नियम केला की परकीय गुंतवणुकीच्या ऑनलाइन बाजारपेठांनी किमतींवर प्रभाव टाकू नये. फेब्रुवारी २०१९ पासून तो आणखी कडक झाला. सेलचे चार दिवस सोडले तर दोन्हीकडच्या किमती बऱ्याच जवळ आल्या. खरा फरक तेव्हापासून किमतीत राहिलाच नाही. तो हप्त्यात, जुन्या लॅपटॉपच्या मोलात आणि पहिल्या आठवड्यातल्या जबाबदारीत जाऊन बसला.

हप्त्यांची गोष्ट सर्वांत मजेशीर आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवू नका. विक्रेता सवलत देत असेल तर ती कर्जाच्या रकमेतून वजा करा, व्याजदर कमी दाखवू नका. आज ऑनलाइन दिसणारा ‘नो कॉस्ट ईएमआय’ नेमका याच साच्यात बसतो. व्याज लागतेच, फक्त तेवढी सवलत आधी किमतीतून कापली जाते.

साठ हजारांचा लॅपटॉप, सहा हप्ते, कार्डाचा व्याजदर वर्षाला पंधरा टक्के, असे धरू. तुमचे कर्ज होते सुमारे ५७,४६० रुपये. उरलेले २,५४० ही विक्रेत्याची सवलत आणि तेवढेच बँकेचे व्याज. हप्ता बरोबर दहा हजार. मग फुकटच की! पण क्रेडिट कार्डावरच्या व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे ४५७ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. असे सातशेच्या आसपास रुपये पुढच्या स्टेटमेंटांत हळूहळू उगवतात. रक्कम मोठी नाही. पण ती खरेदीच्या पानावर ठळक दिसत नाही, याचा राग यावा.

दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर फायनान्स कंपनीचा माणूस बसलेला असतो. पूर्वी तो कोरे चेक मागायचा, आता आधार, पॅन आणि बँकेचा ई-मँडेट. कार्डाबाहेरच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, त्यामुळे इथे तो काटा टोचत नाही. इथली मेख ‘अॅडव्हान्स ईएमआय’मध्ये आहे. त्याच साठ हजारांवर सहा हजारांचे दहा हप्ते, त्यातले दोन आजच भरायचे, वर फाइल चार्ज. व्याज दुकानदार किंवा उत्पादक कंपनी भरते. आता त्याच दुकानदाराला विचारा, ‘रोख दिले तर काय सोडाल?’ तो ५८ हजार म्हणाला, तर त्या दोन हजारांतच तुमचे व्याज आहे. प्रत्यक्षात तुम्ही ४६ हजार उसने घेऊन आठ महिन्यांत ४८ हजार फेडता. वर्षाला सुमारे साडेअकरा टक्के पडले. म्हणून रोखीचा भाव आधी विचारावा, हप्त्यांचा विषय नंतर काढावा. उलट केले की रोखीचा भाव सहसा बाहेर येत नाही. शिवाय सही करण्यापूर्वी विमा किंवा वाढीव वॉरंटी हप्त्यात न विचारता घुसवली आहे का, तेही पाहावे.

ऑनलाइनला एक अपवाद आहे, आणि तो ग्राहकाच्या बाजूचा. सेलमध्ये बँकेची तत्काळ सवलत कधी कधी पूर्ण रकमेपेक्षा हप्त्यांवर जास्त असते. ती हजारभराने जास्त निघाली, तर वरचे सातशे देऊनही हप्ताच स्वस्त.

एक्स्चेंजबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ऑनलाइन तुम्ही मॉडेल आणि स्थिती भरता, आकडा दिसतो. पण तो अंदाज असतो. दारात आलेला माणूस स्क्रीनवरचा डाग, सैल बिजागरी किंवा चार्ज न होणारी बॅटरी पाहून तो आकडा नाकारू शकतो, आणि मग फरक भरा किंवा ऑर्डर सोडा. दुकानदार सुरुवातीलाच कमी बोलतो, पण घासाघीस करता येते. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात बऱ्याचदा ‘एक्स्चेंज बोनस’ मिसळलेला असतो. तो वेगळा काढला की जुन्या यंत्राची खरी किंमत कळते. नवा लॅपटॉप परत केला तरी दिलेला जुना परत येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

परतीच्या बाबतीत मात्र या काळात चित्र उलटे झाले. सुरुवातीला फ्लिपकार्टची ३० दिवसांत बदलून देण्याची हमी होती. दुकानात ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी. आता लॅपटॉपसाठी ऑनलाइन मुदत अनेकदा सातच दिवसांची असते, तीही बदलून देण्यापुरती. आवडला नाही, हे कारण चालत नाही. अनेकदा आधी ब्रँडचा तंत्रज्ञ येऊन दोष लिहून देतो, मग पुढची हालचाल. त्यात दोन दिवस सुटीचे गेले, की सात दिवस भराभर संपतात.

दुसरीकडे, जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने दुकानाच्या पाटीतली हवा काढली. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलावर काहीच नसेल तर ३० दिवसांत परत न घेणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणे ऑनलाइन विक्रेत्यांवरही बंधनकारक केले. दोन्ही ठिकाणी अट एकच: दोष दाखवता आला पाहिजे.

तो दाखवणे दुकानात सोपे. काउंटरवरच सील फोडायचे, लॅपटॉप चालू करायचा, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर मेलेले ठिपके शोधायचे, सगळ्या कळा दाबून पाहायच्या. घरी आलेल्या खोक्याचे तसे नाही. २०२२ च्या सणासुदीत एका तरुणाने वडिलांसाठी मागवलेल्या लॅपटॉपच्या खोक्यात कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या निघाल्या, आणि प्रकरण देशभर गाजले. वडिलांनी खोके उघडण्याआधीच ओटीपी सांगितला होता; आधी उघडून पाहायचे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते. ओपन बॉक्स डिलिव्हरीत तो ओटीपी म्हणजे माल तपासून मिळाल्याची तुमची सही असते. त्यामुळे डिलिव्हरीवाल्याला कितीही घाई असो, खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर जुळल्यावरच आकडे सांगावेत. तोच नंबर मग ब्रँडच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख पाहावी. ती कधी कधी माल गोदामातून निघाल्या दिवसापासून मोजलेली असते. बिल पाठवले की दुरुस्त करून मिळते.