चार बेडचे गांडूळखत: हिशेब कुठे बसतो

गांडूळखतात पैसा आहे असे ऐकून बरेच जण पन्नास बेड टाकायला निघतात. आधी चार बेडचा हिशेब वहीत मांडून पाहावा.

सुरुवातीचा खर्च

बारा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल असा प्लास्टिकचा तयार बेड साधारण २,००० रुपयांना पडतो. चार बेडचे ८,०००. आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे बेडमागे तीन किलो, किलोला ३०० रुपये धरले तर ३,६००. बांबू आणि हिरव्या जाळीची सावली, चाळणी, पाणी मारायचा पाइप यांचे १८,०००. एकूण तीस हजारांच्या आत काम होते. भाव गावागणिक बदलतात, तेव्हा आपले आकडे घालावेत.

शेण थंड झाले का?

बहुतेकांची पहिली खेप इथेच फसते. ताजे शेण बेडमध्ये कुजताना इतके तापते की गांडुळे कडेने बाहेर पडतात किंवा मरतात. म्हणून शेण आणि पाचट बाहेरच ढीग करून, पाणी मारून, अधूनमधून उलथून पंधरा-वीस दिवस ठेवावे. ढिगात कोपरापर्यंत हात घातल्यावर ऊब लागली नाही, की मगच बेड भरावा. गांडुळेही आधी मूठभर सोडावीत. रात्रीत ती खाली शिरली तर बाकीची सोडायला हरकत नाही.

ओल मुठीत कळते. माल दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. दीड-दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे, मातीचा वास असलेले खत तयार होते. शेणाचा वास येत असेल तर अजून थांबावे.

एका खेपेचा हिशेब

चार बेडना मिळून चार टन शेण लागते. त्याचे चाळून सुमारे १,८०० किलो खत मिळते. शेण विकत घेतल्यास वाहतुकीसह ७,०००, मजुरी २,४००, गोण्यांचे ६००. म्हणजे खर्च १०,००० रुपये. सगळा माल ठोक आठ रुपयांनी गेला तर १४,४०० येतात आणि दोन महिन्यांत हाती राहतात ४,४००. त्यातले ४०० किलो शहरातल्या कुंडीवाल्यांना वीस रुपयांनी विकले, तर पिशव्या आणि पोचवणे यांचे १,६०० वजा जाऊनही शिल्लक ७,६०० होते. शेण घरचे असेल तर त्यात आणखी सहा-सात हजारांची भर पडते.

परवानगी

खत म्हणून विकायचे तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. उत्पादन आणि विक्रीसाठी कृषी विभागाची परवानगी लागते; चौकशी तालुका कृषी कार्यालयापासून करावी. या आदेशानुसार गांडूळखतात ओलावा १५ ते २५ टक्के हवा. वजन वाढावे म्हणून ओला माल भरला, तर नमुना तपासणीत नापास होतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे.

शेण विकत आणि विक्री फक्त ठोक, अशी स्थिती असेल तर हा धंदा सुरू करू नका.