फोनवरच्या नकाशावरून गुंठे कसे काढावेत

रांजणगाव एमआयडीसीमुळे कारेगावात जागेला भाव आला, तसे जागेच्या नकाशाचे स्क्रीनशॉट घरोघरच्या व्हॉट्सअॅपवर फिरू लागले. वडिलांमागे वाटणी करायची असली की पहिला प्रश्न येतो : जागा भरते किती?

समजा, स्क्रीनशॉटवर चार बाजू लिहिल्या आहेत : 17, 25, 26 आणि 30 मीटर. गावात सर्रास समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. इथे तो 21.5 × 27.5, म्हणजे सुमारे 591 चौरस मीटर येतो. जागा आयताकृती नसेल तर हा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच निघतो. चार काठ्या टोकांना सैल बांधून चौकट करा आणि एका कोपऱ्याला ढकला. काठ्या त्याच राहतात, आतली जागा मात्र कमी-जास्त होते. म्हणून चार बाजूंखेरीज एक कर्णही हवा, आणि तो नकाशावरच्या प्रमाणपट्टीवरून मिळतो.

स्क्रीनशॉटची प्रिंट काढा आणि पट्टीने मोजा. 20 मीटरची प्रमाणपट्टी 40 मिलिमीटर भरली, तर 1 मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर. आता आधी पडताळणी : 17 मीटरची बाजू 34 मिलिमीटर आणि 30 मीटरची 60 भरली पाहिजे. एक बाजू जुळते आणि दुसरी जुळत नाही, असे झाले तर चित्र कुणीतरी एका दिशेने ताणले आहे. ते सोडून द्या, मूळ फोटो मागवा. पट्टी कापून पाठवलेला फोटोही नको. झूम केल्यावर पट्टीचा आकडा बदलतो, म्हणून पट्टी आणि जागा एकाच स्क्रीनशॉटमध्ये हवीत.

17 व 25 च्या बाजू एकीकडे आणि 26 व 30 च्या दुसरीकडे राहतील असा कर्ण ओढा. तो 56 मिलिमीटर, म्हणजे 28 मीटर भरला. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून कर्णावर गुण्याने लंब टाका : 30 आणि 48 मिलिमीटर, म्हणजे 15 आणि 24 मीटर.

28 × (15 + 24) ÷ 2 = 546 चौरस मीटर

एक गुंठा सुमारे 101.17 चौरस मीटरचा, तेव्हा हे जवळपास 5.4 गुंठे झाले. सरासरीच्या हिशेबात 45 चौरस मीटर, म्हणजे 487 चौरस फूट हवेत होते!

दोन भाऊ आणि एक बहीण एवढेच वारस असतील, तर बहिणीचा हिस्सा एक तृतीयांश. तो 182 चौरस मीटर येतो, 197 नव्हे. बहिणीला जागेऐवजी पैसे द्यायचे ठरले, तरी हाच आकडा धरून बोलणे व्हावे.

प्रिंटवर मोजताना एखाद्या मिलिमीटरची चूक होतेच. ती प्रत्येक मापात एकाच बाजूला झाली, तर क्षेत्रात चार-साडेचार टक्क्यांचा फरक पडू शकतो. म्हणून या आकड्यावर खरेदीखत करू नये. सातबाऱ्यावर हे क्षेत्र 5.46 आरच्या आसपास हवे. मोठी तफावत दिसली, तर शिरूरच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा आणि सरकारी मोजणी होईपर्यंत कुणाकडूनही सही घेऊ नये.