नवतपात नाही, मृगात का येतात घामोळ्या?

भंडारा जिल्ह्यात नवतपातले ऊन सर्वांत कडक. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तरीही मानेवर आणि पाठीवर मोहरीएवढे लाल, खाजरे पुरळ तेव्हा कमी दिसते. मृगाचा पहिला पाऊस पडून जातो, पारा ३५-३६ पर्यंत उतरतो आणि मग घरोघरी पाठी खाजवणे सुरू होते. ऊन कमी झाले आणि घामोळ्या वाढल्या, असे का व्हावे?

याचे उत्तर हवेत आहे. मे महिन्यातली हवा कोरडी असते. आलेला घाम लगेच वाळतो, बरेचदा आपल्याला घाम आला हे कळतही नाही. पावसाच्या तोंडावर हवेत आधीच भरपूर बाष्प असते. घाम वाळत नाही, तर तो तासन्‌तास अंगावर राहतो.

मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एखाद्या विणकराचे उदाहरण घेऊ. समजा, तो जूनच्या मध्यावर छोट्या खोलीत दिवसभर हातमागावर बसला आहे. अंगात टेरिकॉटचा शर्ट, गळ्यात दुपट्टा. शर्ट पाठीला चिकटलेला, दुपट्टा मानेभोवती ओला. असे दोन-तीन दिवस गेले, की नेमक्या याच दोन जागी पुरळ उठते.

त्या दोन-तीन दिवसांत कातडीत काय घडते? घामाची ग्रंथी कातडीत खोलवर असते आणि तिथून एक बारीक नळी वर येते. सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. बराच वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांची टोके जशी फुगतात, तसाच हा थर सततच्या ओलाव्याने फुगतो आणि नळीचे तोंड आवळले जाते. कातडीवर नेहमी राहणारे जंतू ओलाव्यात वाढतात आणि त्यांच्या चिकट स्रावाने तोंड आणखी बुजते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांची कातडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली, तेव्हा अशीच घामोळी उठली. जंतू रोखणारे औषध आधी लावले, तेव्हा ती टळली.

ग्रंथीला मात्र तोंड बंद झाल्याचे कळत नाही. ती घाम सोडत राहते. तो आतच फुटून आजूबाजूच्या कातडीत झिरपतो, तिथे दाह होतो आणि लाल पुटकुळी दिसते. म्हणूनच गरम चहा प्यायल्यावर किंवा चार पावले भरभर चालल्यावर सुया टोचल्यासारखे होते. त्या क्षणी नवा घाम बंद नळीवर धडकत असतो. घामोळ्या ओळखण्याची ही चांगली खूण आहे.

उपाय एकच, कातडी कोरडी ठेवणे. त्या विणकराने दुपट्टा काढावा, सैल सुती बंडी घालावी, दुपारी साध्या पाण्याने अंग धुऊन टिपून घ्यावे आणि रोज सलग काही तास पंख्याखाली अंग कोरडे राहील असे बघावे. विदर्भात कूलरचा एक घोळ होतो. मे महिन्यात थंडावा देणारा कूलर मृगात बंद खोलीतली हवा आणखी दमट करतो. अशा वेळी कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, त्याने तोंडे अधिक बुजतात. पावडरचे थरही घामात कालवून चिखल होतात. खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन पुरते. पुरळ काही दिवसांत मावळते. नळ्या पूर्ववत व्हायला मात्र वरचा थर गळून नवा यावा लागतो, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर त्या भागातून घाम नीट येत नाही. पाठ, छाती, पोट असे मोठे अंग व्यापले असेल तर शरीर थंड होणे अवघड जाते. अशा माणसाने रोवणीसारखे कष्टाचे काम उन्हात करू नये. चक्कर, मळमळ किंवा ताप आला, तर त्याला लगेच सावलीत आणून दवाखान्यात न्यावे.

प्रत्येक खाजरे पुरळ घामोळे नसते. कडा उठलेले गोल चट्टे जांघेत किंवा कमरेवर असतील तर ते गजकर्ण. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे आणि घरातले इतरही खाजवतात, तर ती खरूज. पुटकुळीच्या मधोमध केस आणि पू दिसला, तर केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग झालेला असतो. या तिन्हींची औषधे वेगळी आहेत. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेल्या स्टेरॉइडच्या मिश्र मलमाने गजकर्णाची खाज चार दिवस थांबते, पण बुरशी पसरत जाते. आठवडाभर अंग कोरडे ठेवूनही पुरळ ओसरले नाही, तर ते घामोळे आहे हे गृहीत न धरता डॉक्टरांना दाखवावे.