गोळी पोटाला का मानवत नाही?

मल्टिव्हिटॅमिन, मॅग्नेशियम आणि व्हिटॅमिन सी या तीन गोळ्या आज कितीतरी घरांत डायनिंग टेबलावर दिसतात. त्या घेऊन पोट बिघडलं की बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. काही जण सगळ्याच गोळ्या बंद करतात. काही जण जोडीला पित्ताची गोळी सुरू करतात आणि त्रास तसाच सोसत राहतात. खरं तर नेमकी कोणती गोळी त्रास देते आहे, हे पुष्कळदा घरच्या घरी कळू शकतं. त्यासाठी त्रास गोळी घेतल्यावर किती वेळाने होतो आणि पोटात वर होतो की खाली, एवढं नीट पाहावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका आहेत. सकाळची शाळा असल्यामुळे साडेसहाला घर सोडतात. निघण्यापूर्वी, सहाच्या सुमाराला, चहासोबत झिंक असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेतात. पायात गोळे येतात म्हणून कुणीतरी सुचवलेली मॅग्नेशियमची गोळीही तेव्हाच घेतात. त्यावर 1000 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सीची, पाण्यात फसफसणारी गोळी विरघळवून पितात. पोटात दुसरं काहीच नसतं. पहिल्या तासालाच त्यांना मळमळायला लागतं, तोंडाला पाणी सुटतं. ते ओसरतं न ओसरतं तोच दहाच्या सुमाराला पोटात गुडगुड सुरू होते आणि मधल्या सुट्टीत पातळ शौचाला धावावं लागतं. दुपारनंतर सगळं शांत. रविवारी पोहे खाल्ल्यावर गोळ्या घेतल्या तर मळमळ होत नाही, जुलाब मात्र होतात.

हे दोन त्रास एकाच कारणाचे नाहीत. गोळीनंतर थोड्याच वेळात होणारी मळमळ जठरातली आहे आणि तिच्यामागे बहुतेक वेळा झिंक असतं. गोळीत लोह असेल तर तेही असू शकतं. हे क्षार रिकाम्या जठरात विरघळले की थेट आतल्या अस्तराला झोंबतात. आपल्याकडे झिंक असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर साधारण 60 मिलिग्रॅम झिंक सल्फेट लिहिलेलं आढळतं. त्यात प्रत्यक्ष झिंक 22 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. बाईंच्या वयाच्या स्त्रीला रोज सुमारे 13 मिलिग्रॅम झिंक पुरावं, असं आयसीएमआरने 2020 मध्ये सांगितलं आहे. म्हणजे दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त झिंक, तेही एका घोटात आणि अनशापोटी. मळमळ झाली नाही तरच नवल.

यावरचा उपाय गोळीच्या प्रकारापेक्षा वेळेत जास्त आहे. ग्लुकोनेटसारखे झिंकचे काही प्रकार काहींना सल्फेटपेक्षा सौम्य वाटतात. पण माझं स्पष्ट मत असं की आधी तीच गोळी भरपेट जेवणाच्या मध्यावर घेऊन पाहावी. मध्यावर म्हणजे चार घास खाऊन झाल्यावर आणि चार घास शिल्लक असताना. चहा-बिस्किट हे जेवण नव्हे. पोळी-भाजी-वरणातल्या फायटेटमुळे झिंक थोडं कमी शोषलं जाईल, हे खरं. पण त्याची काळजी करायचं कारण नाही, कारण उलटी झाली तर काहीच शोषलं जात नाही. जेवणात तेल-तूप असल्याने ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं उलट जास्त चांगली शोषली जातात. गोळीत लोह असेल तर चहा-कॉफी तासभर लांब ठेवावी, कारण चहातल्या टॅनिनमुळे लोह वाया जातं.

आता दहाच्या सुमाराचे जुलाब. हा त्रास आतड्यातला आहे. जे मॅग्नेशियम शोषलं जात नाही ते आतड्यात राहतं आणि पाणी ओढून घेतं, त्यामुळे शौच पातळ होतं. बद्धकोष्ठावरचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया नेमकं याच गुणावर काम करतं. त्याचा परिणाम अर्ध्या ते सहा तासांत दिसतो. बाईंच्या दहा वाजताच्या धावपळीशी हे तंतोतंत जुळतं. रविवारी पोहे खाऊनही जुलाब का थांबले नाहीत, याचंही उत्तर इथेच आहे. खाण्यामुळे जठराला आराम मिळतो, पण न शोषलेलं मॅग्नेशियम आतड्यात जायचं ते जातंच.

मॅग्नेशियमच्या बाबतीत मात्र प्रकार खरंच महत्त्वाचा ठरतो. बाईंच्या पाकिटावर मॅग्नेशियम ऑक्साइड 500 मिलिग्रॅम असं लिहिलं आहे. ऑक्साइडमध्ये सुमारे 60 टक्के मॅग्नेशियम असतं, म्हणजे एका गोळीतून 300 मिलिग्रॅम मिळतं. आकडा मोठा आणि गोळी लहान व स्वस्त, म्हणून कंपन्यांना हा प्रकार सोयीचा पडतो. पण ऑक्साइड पाण्यात नीट विरघळत नाही. त्यामुळे त्यातला थोडाच भाग रक्तात जातो आणि बराचसा आतड्यात पडून राहतो. सायट्रेट जास्त चांगलं शोषलं जातं, तरी मोठ्या मात्रेत तेही शौच पातळ करतं. ज्यांना मुळात बद्धकोष्ठ आहे त्यांना हे दोन्ही प्रकार चालतील, काहींना हवेसेही वाटतील. ज्यांचं पोट आधीच सैल आहे त्यांनी ग्लायसिनेट पाहावं. ते बहुतेकांना सोसतं.

ग्लायसिनेट घेताना एक फसगत होते. पाकिटावर ठळक अक्षरात 1000 मिलिग्रॅम असतं आणि घेणारा दचकतो किंवा खूश होतो. ते वजन पूर्ण संयुगाचं असतं. प्रत्यक्ष मॅग्नेशियम त्यात साधारण 14 टक्के, म्हणजे 140 मिलिग्रॅम असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘इलिमेंटल मॅग्नेशियम’ असं लिहून जो आकडा दिलेला असतो, तोच आपल्या कामाचा. ‘बफर्ड’ असा शब्द दिसला तर त्यात ऑक्साइड मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि मग जास्त किंमत मोजूनही जुलाब तेच. गोळ्यांतून घेतल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा अमेरिकेत 350 आणि युरोपात 250 मिलिग्रॅम धरतात, आणि ती मुख्यतः जुलाबांचा विचार करूनच ठरवलेली आहे. बाईंनी 100 ते 150 मिलिग्रॅमपासून, रात्रीच्या जेवणानंतर सुरुवात करणं शहाणपणाचं.

मुळात त्यांना मॅग्नेशियम हवं आहे का, हाही प्रश्न विचारायलाच हवा. पायात येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा उतारवयातल्या लोकांना त्याचा म्हणण्यासारखा फायदा होत नाही असंच आढळलं. महिनाभर घेऊन पाय तसेच दुखत असतील तर गोळी बंद करावी. मूठभर शेंगदाण्यांत 50 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं, तीळ आणि बाजरीतही ते भरपूर आहे. या वाटेने आलेलं मॅग्नेशियम निरोगी माणसाचं पोट सहसा बिघडवत नाही.

राहिलं व्हिटॅमिन सी. ते दोन्हीकडे त्रास देऊ शकतं. साधं व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. नावाप्रमाणे ते आम्ल आहे आणि ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांना अनशापोटी ते जळजळतं. दुसरं असं की शरीर ते मोजूनमापूनच आत घेतं. रोजच्या आहारात असतं तेवढं, म्हणजे 200 मिलिग्रॅमच्या आत, बहुतांश शोषलं जातं. मात्रा 1000 मिलिग्रॅमच्या पुढे गेली की निम्मंसुद्धा शोषलं जात नाही. उरलेलं आतड्यात जाऊन मॅग्नेशियमसारखंच पाणी ओढतं. बाईंच्या पोटात सकाळी सहाला पाणी ओढणाऱ्या दोन गोष्टी एकत्र पडत होत्या.

सौम्य प्रकार म्हणून सोडियम ॲस्कॉर्बेट किंवा कॅल्शियम ॲस्कॉर्बेट विकलं जातं. त्यातलं आम्ल आधीच शमवलेलं असतं, त्यामुळे जळजळ खरंच कमी होते. पण जुलाबांवर त्याचा काही उपयोग नाही, कारण ते मात्रेमुळे होतात. तिथे मात्राच कमी करावी लागते. फसफसणाऱ्या गोळीत सोडियम बरंच असतं, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ती रोज घेऊ नये. ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे त्यांनी तर मोठी मात्रा टाळावीच, कारण जादा व्हिटॅमिन सीपासून शरीरात ऑक्झलेट तयार होतं आणि खड्याचा धोका वाढतो. बाईंची दिवसाची गरज 65 मिलिग्रॅम आहे. एका मध्यम पेरूत ती भागून वर उरते. त्यांनी ही गोळी सोडून दिली तर काहीही बिघडणार नाही.

आता हे तपासायचं कसं? डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध सोडून बाकी तिन्ही गोळ्या चार-पाच दिवस थांबवाव्यात. गोळ्यांचाच दोष असेल तर मळमळ त्याच दिवशी थांबते आणि शौच एक-दोन दिवसांत बांधून होतं. मग मल्टिव्हिटॅमिन एकटी, दुपारच्या जेवणात सुरू करावी. तीन-चार दिवस ठीक गेले तर रात्री मॅग्नेशियमची कमी मात्रा. त्यानंतर हवंच असेल तर नाश्त्यानंतर 100 ते 250 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे त्रास परतला तर गुन्हेगार लगेच सापडतो. गोळ्या बंद करूनही पोट आठवडाभर बिघडलेलंच राहिलं तर कारण दुसरं आहे आणि डॉक्टरांकडे जायला हवं. वजन घटणं, शौचातून रक्त पडणं, घास अडकणं किंवा लोहाची गोळी चालू नसताना शौच डांबरासारखं काळं होणं, यातलं काहीही दिसलं तर आठवडाही थांबू नये.

छातीच्या मधोमध, गिळताना दुखत असेल तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण झालेला असू शकतो. लोह आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी असं होतं. एका घोटात गोळी गिळून लगेच आडवं होणं हे त्याचं नेहमीचं कारण. पूर्ण पेलाभर पाणी प्यावं आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नये.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांना आणखी एक पथ्य आहे. ती सकाळी अनशापोटी घेतात आणि लोह, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम जवळपास असेल तर ती नीट शोषली जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स चालू असतील तेव्हाही खनिजांच्या गोळ्या काही तास लांब ठेवाव्यात किंवा तेवढे दिवस बंदच कराव्यात.

गरोदरपणात किंवा रक्त कमी असल्याने लिहून दिलेली लोहाची गोळी मळमळते म्हणून परस्पर सोडू नका. प्रकार बदलून किंवा एक दिवसाआड देऊन डॉक्टर त्यातून मार्ग काढू शकतात. आणि किडनीचा आजार असेल तर मॅग्नेशियमची कोणतीही गोळी, अगदी सौम्य म्हणून विकली जाणारीसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. जादा मॅग्नेशियम किडनीवाटेच बाहेर पडतं. ती वाट मंदावली की ते रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्यांपर्यंत त्याचा त्रास पोहोचतो.